भुवनला मैदानात कोणी पाठवलं? ‘लगान’च्या कथानकाचं संरचनावादी विश्लेषण, पायरीपायरीनं

तुरीची सवंगणी आटोपली की आमच्या गावातल्या वाचनालयात संध्याकाळी आठ-दहा जण जमतात. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव; जमणाऱ्यांत बी.ए.ची पोरंपोरी, दोन-तीन शेतकरी, एक निवृत्त पोस्टमन. मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवतो. मागच्या हिवाळ्यात मी तिथं एक प्रयोग केला. वर्गात ‘संरचनावादी कथनमीमांसा’ म्हणजे गोष्ट कोणत्या सांगाड्यावर उभी असते ते तपासणं, असं म्हटलं की पोरं वहीत शब्द उतरवतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून सगळ्यांनी पाहिलेला एक सिनेमा घेतला आणि त्याची गोष्ट कागदाच्या चिठ्ठ्यांवर सुटी करून पुन्हा जुळवली. तीन संध्याकाळी लागल्या. तीच पद्धत इथं जशी केली तशी सांगतो, म्हणजे कुणालाही आपल्या आवडीच्या सिनेमावर करून पाहता येईल.

सिनेमा ‘लगान’, 2001 सालचा; शेतसारा माफ व्हावा म्हणून भुवनचं गाव इंग्रज अधिकारी रसेलच्या संघाशी क्रिकेट खेळतं ती गोष्ट. निवडण्याची कारणं साधी: प्रत्येकानं किमान चारदा पाहिलेला, गोष्ट सरळ रेषेत जाणारी, आणि विषय शेतसारा न् पाऊस. कोरडवाहू गावात यावर कुणी गप्प बसत नाही. फ्लॅशबॅकनं भरलेला सिनेमा पहिल्यांदा घेऊ नका. त्यात प्रसंग पडद्यावर दिसतात तो क्रम एक आणि घडले तो क्रम दुसरा. ते वेगळे करण्यातच पहिली संध्याकाळ संपते.

आधी चिठ्ठ्या

साहित्य म्हणाल तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, कात्री आणि जाड पेन. एका चिठ्ठीवर एकच घटना. सिनेमा पुन्हा न बघता, आठवणीतून लिहायचं. आठवणीतून का, तर गोष्ट ज्या खिळ्यांवर टांगलेली असते तेवढेच डोक्यात राहतात. गाणी, विनोद, कपडे आपोआप गळतात. नंतर एकदा सिनेमा पाहून राहिलेलं भरायचं. आमच्या पहिल्या फेरीत 41 चिठ्ठ्या झाल्या, छाटून 24 उरल्या. तीन तासांच्या सिनेमाला वीस ते तीस पुरतात. साठ झाल्या तर समजा, तुम्ही पटकथा लिहायला घेतलीत.

नियम एवढाच की प्रत्येक चिठ्ठीवर कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे. “भुवन शूर आहे” ही चिठ्ठी बाद. “भुवन दगड मारून हरणांना पळवतो” ही चालते. “रसेल दुष्ट आहे” बाद. “रसेल लगान दुप्पट करतो” चालते. पोरांना हे जड गेलं, कारण शाळेपासून ‘व्यक्तिचित्रण’ लिहायची सवय: स्वभाव, गुण, दोष. ती सवय इथं आड येते.

हा नियम माझा नाही, व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाचा आहे. त्यानं शंभर रशियन परीकथा घेतल्या आणि 1928 साली आपलं निरीक्षण पुस्तकरूपानं मांडलं. त्याला दिसलं ते असं: एका गोष्टीत राजा पोराला गरुड देतो, दुसऱ्या गोष्टीत म्हातारा घोडा देतो, तिसऱ्या गोष्टीत जादूगार होडी देतो; माणसं बदलतात, वस्तू बदलतात, पण ‘कुणीतरी कुणाला तरी प्रवासाचं साधन देतो’ हे बदलत नाही. या न बदलणाऱ्या कृतीला आपण मराठीत प्रकार्य म्हणतो. प्रॉपनं अशी 31 प्रकार्यं मोजली. सगळी एकाच गोष्टीत येत नाहीत, पण जी येतात ती ठरलेल्या क्रमानं येतात, असं त्याचं म्हणणं.

यातला एक मुद्दा नीट घ्या, कारण पुढं सगळं त्यावर उभं आहे. कृती एकच असली तरी प्रकार्य एकच असतं असं नाही. सिनेमात रसेल राजा पूरनसिंगला म्हणतो, मांस खा, तुमचं मागणं मान्य करतो. राजा शाकाहारी, तो नाकारतो, आणि रसेल लगान दुप्पट करतो. नुसतं पाहिलं तर ही ‘एकानं दुसऱ्याला जेवण पुढं केलं’ अशी कृती. तेच जेवण गावातल्या एखाद्या म्हातारीनं भुकेल्या नायकाला वाढलं असतं तर ती मदत झाली असती. इथं त्यातून गावावर संकट येतं, म्हणून ते अपायाचं प्रकार्य. तेव्हा चिठ्ठीवर कृती लिहिली की तिच्या पाठीमागं पेन्सिलनं लिहायचं: यामुळं पुढं काय झालं? ज्या चिठ्ठीच्या पाठीवर काहीच लिहिता येत नाही ती बाजूला ठेवा. आमच्या सतरा चिठ्ठ्या अशाच गेल्या.

उणीव शोधा, मग ती कुठं भरते ते शोधा

आता चिठ्ठ्या ओळीनं मांडा आणि दोनच प्रश्न विचारा. गोष्ट सुरू होते तेव्हा काय नाही, किंवा कुणी काय हिरावलं? आणि ते कोणत्या चिठ्ठीत परत येतं? प्रॉपच्या मते गोष्टीला धक्का बसतो तो एकतर खलनायकानं केलेल्या अपायानं, नाहीतर कशाच्या तरी उणिवेनं. या दोन टोकांच्या मधे जे येतं ते कथानक.

इथंच पोस्टमन काकांनी पेच टाकला. “सर, पान्याची चिठ्ठी कुठी ठेवाची?”

प्रश्न चोख होता. सिनेमा सुरू होतो 1893 च्या चंपानेरमध्ये. पाऊस नाही, ढग येतात, गाव नाचायला लागतं आणि ढग निघून जातात. ही पहिली उणीव. त्यानंतर दुप्पट लगानाचा हुकूम येतो, हा अपाय. म्हणजे धक्के दोन. सामना जिंकल्यावर लगान माफ होतो. दुसरा धक्का निवला. आणि पहिला? सामना संपता संपता पाऊस कोसळतो. पण तो कुणी आणला? भुवनच्या षटकारानं ढग फुटत नाहीत. 24 चिठ्ठ्यांत एकही चिठ्ठी अशी नाही, जिच्यात कुणी पावसासाठी काही करतं आणि त्यामुळं पाऊस येतो.

“हिरो जितला म्हनून पानी आला, असं दाखवलं त्यायनं,” एक शेतकरी म्हणाले. “आमच्याकडं असं होते का बाप्पा?”

नेमकं हेच चिठ्ठ्या मांडल्यावर दिसतं, सिनेमा पाहताना दिसत नाही. दोन धाग्यांपैकी एकाचीच गाठ कृतीनं सुटते. दुसरी गाठ पहिलीच्या शेजारी आपोआप सुटते, आणि शेजारीशेजारी असल्यामुळं प्रेक्षकाला वाटतं की एकीनं दुसरी सोडवली. कथनात ‘यानंतर’ हे ‘यामुळं’ म्हणून खपतं. तुम्ही कोणताही लोकप्रिय सिनेमा घेतलात की सुरुवातीच्या उणिवा मोजा आणि प्रत्येकीसमोर ती भरणारी कृती लिहा. ज्या उणिवेसमोर कृती नाही, पण शेवटी ती भरलेली आहे, तिथं लाल पेननं खूण करा. लेखकाला जे मागायचं होतं पण कुणाकडून करवून घेता आलं नाही, ते बहुधा त्या खुणेखाली असतं.

सहा खाने, आणि सुरुवात वस्तूपासून

दुसऱ्या संध्याकाळी फळ्यावर सहा खाने आखले. प्रॉपनं भूमिकांची सात वर्तुळं सांगितली होती: खलनायक, दाता, साहाय्यक, राजकन्या आणि तिचा बाप, पाठवणारा, नायक, आणि खोटा नायक. पुढं ग्रेमास या अभ्यासकानं 1966 मध्ये ती आटवून सहा केली आणि त्यांच्या तीन जोड्या लावल्या. कर्ता आणि त्याला हवी असलेली वस्तू. ती मिळवायला लावणारा प्रेषक आणि ती ज्याच्या पदरात पडते तो ग्राहक. आणि साहाय्यक व विरोधक. सिनेमासाठी मला ग्रेमासचे खाने सोयीचे वाटतात. अडलं की प्रॉपकडं जातो. दोघांची सरमिसळ करू नये असं काही अभ्यासक म्हणतात. शिकण्यापुरतं मला त्यात पाप दिसत नाही, फक्त कोणता शब्द कुणाचा ते लक्षात असू द्या.

सगळे जण आधी नायकाचा खाना भरतात. तसं करू नका. आधी वस्तूचा खाना भरा. कारण कर्ता म्हणजे चांगला माणूस नव्हे. कर्ता म्हणजे त्या वस्तूच्या मागं लागलेला. ‘लगान’मध्ये वस्तू कोणती? फळ्यावर आलेली उत्तरं: सामना जिंकणं, गावाची इज्जत, भुवनची प्रेयसी गौरी, लगानमाफी. ओळखायची चाचणी अशी: ती मिळाली नाही तर गोष्ट संपली असं म्हणता येईल का? गौरी मिळाली नसती तरी सामना झालाच असता. इज्जत तर हरूनही राहिली असती, तसे शेवट सिनेमात पुष्कळ असतात. सामना हे साधन आहे. उरते तीन वर्षांची लगानमाफी, आणि हरलं तर तिप्पट लगान. तीच वस्तू. कर्ता भुवन. ग्राहक मात्र भुवन नाही, नुसतं चंपानेरही नाही, सगळा प्रांत आहे. हा खाना पटकन भरून पुढं जाता येतं.

प्रेषकाच्या खान्यात मात्र अडकलो, आणि अर्धी संध्याकाळ तिथंच गेली.

पहिलं उत्तर सगळ्यांनी एका सुरात दिलं: गाव. मी म्हटलं, चिठ्ठी दाखवा. गाव भुवनला सांगतं की जा आणि यांच्याशी खेळ, अशी चिठ्ठी शोधा. सापडेना. उलट एक चिठ्ठी सापडली की भुवननं पैज घेतल्यावर गाव त्याच्यावर चिडतं. चिडणारा प्रेषक कसा होईल? मग कुणी म्हणालं राजा. राजाकडं गाव लगानाची सूट मागायला जातं खरं, पण राजा काहीच करायला सांगत नाही. कुणी म्हणालं भुवनचा स्वाभिमान. ग्रेमासच्या पद्धतीत प्रेषक अमूर्त असू शकतो, धर्म, देश, प्रेम असं काहीही, त्यामुळं हे उत्तर चुकीचं नाही. पण अमूर्त उत्तर फार लवकर घेतलं की समोरची चिठ्ठी दिसत नाही.

समोरची चिठ्ठी ही: “रसेल भुवनला क्रिकेटचं आव्हान देतो.” काम सांगणारा तो, अटी घालणारा तो, तीन महिन्यांची मुदत देणारा तो. परीकथेत राजा जसा म्हणतो की अमुक आणून दे, म्हणजे अर्धं राज्य देईन, तसंच. म्हणजे प्रेषकाच्या खान्यात खलनायकाचं नाव गेलं.

पोरं जरा गोंधळली. एकच माणूस दोन खान्यांत? प्रॉपनं ही शक्यता स्पष्ट सांगून ठेवली आहे. त्याच्या हिशेबानं तीन प्रकार होतात: एक भूमिका एका पात्राला नेमकी बसते, एक पात्र अनेक भूमिका करतं, किंवा एकच भूमिका अनेक पात्रांत वाटली जाते. म्हणून पात्रांची यादी आणि भूमिकांची यादी कधीही एका वहीत एका रकान्यात लिहू नका. आमच्याकडं झाडीपट्टीच्या नाटकमंडळीत एकच नट दोन पार्टं करतो, आणि गर्दीच्या प्रसंगात एकाच पार्टाचं काम चौघं मिळून निभावतात. वडसा-देसाईगंजकडच्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

आता हा धागा ओढत न्या. काम कुणी दिलं? रसेलनं. हत्यार कोणतं? क्रिकेट, त्याच्याच घरचा खेळ. तो शिकवला कुणी? एलिझाबेथनं, त्याच्याच बहिणीनं. पंच कुणाचे, नियम कुणाचे? त्यांचेच. भुवनच्या बाजूचा जवळजवळ सगळा सरंजाम विरोधकाच्या घरातून आलेला आहे. ही गोष्ट ‘गावानं इंग्रजांना हरवलं’ एवढीच राहत नाही; राज्यकर्त्याच्या नियमांनी राज्यकर्त्याला हरवता येतं, असं ती सांगू पाहते. हे पटायचं की नाही हा वेगळा वाद. पण तो वाद घालायला आता फळ्यावर पुरावा आहे.

खलनायकाची चाचणी

खलनायक ओळखायला सोपा वाटतो, मिशी आणि आवाज पाहून. संरचनावादी चाचणी अशी: अपायाची चिठ्ठी कुणाच्या नावावर आहे, आणि शेवटच्या झुंजीची चिठ्ठी कुणाच्या नावावर आहे? दोन्हीकडं एकच नाव असेल तर खलनायक पक्का. दुप्पट लगान रसेलचा, शेवटचा सामना रसेलशी. पक्का.

पण एक गंमत करून पाहा. तक्ता पुसा आणि कर्त्याच्या खान्यात रसेलला बसवा. वस्तू: तिप्पट लगान आणि आपला मान. साहाय्यक: त्याचा संघ, आणि काही काळ गावातला फितूर लाखा. विरोधक: भुवन, एलिझाबेथ, आणि हो, त्याचे स्वतःचे वरिष्ठ. ते त्याला खडसावतात की हरलास तर हा लगान तुझ्या खिशातून भरावा लागेल आणि बदली मध्य आफ्रिकेत होईल. सहाही खाने सरळ भरतात. म्हणजे तक्त्याला नीती कळत नाही. नायक कोण हे तक्ता ठरवत नाही. कॅमेरा कुणाच्या मागं चालतो आणि शेवटी कुणाची वस्तू कुणाच्या हाती जाते, त्यावरून आपण ठरवतो. हा उलटा तक्ता पाच मिनिटांचा आहे, पण तो केला नाही तर विश्लेषण म्हणजे नायकाची आरती होते.

आणि दुष्काळ? तो विरोधक नाही का? एका पोरानं आग्रहानं लिहिला. ठेवायला हरकत नाही, विरोधक माणूसच असावा असं नाही. पण चाचणी लावली तर दुष्काळ लगानमाफीच्या आड येत नाही. उलट त्याच्यामुळंच तर माफी हवी आहे. तो विरोधक नव्हे, उणीव. खान्याबाहेर, वर.

साहाय्यक: इथं घाई नको

साहाय्यकाच्या खान्यात सगळ्यांनी धडाधड नावं टाकली: गौरी, एलिझाबेथ, भुवनची आई, अख्खा संघ. खाना भरून वाहायला लागला की समजा, चाळणी लावायची वेळ झाली. चाळणी अशी: त्या पात्राची चिठ्ठी उचला. पुढची कोणती चिठ्ठी कोसळते? काहीच कोसळत नसेल तर ते पात्र भावनेला मदत करत असेल, कथानकाला नाही.

एलिझाबेथची चिठ्ठी उचलली की गावाला खेळच येत नाही. सामनाच उभा राहत नाही. म्हणजे ती हवीच. पण साहाय्यक की दाता? प्रॉपच्या हिशेबानं दाता आधी नायकाची परीक्षा घेतो, नायक पास झाला की जादूची वस्तू देतो. एलिझाबेथ परीक्षा घेत नाही. भावाचं वागणं तिला अन्यायाचं वाटतं आणि ती आपणहून शिकवायला येते. देते ती विद्या, हे दात्याचं काम. पण नंतर लाखाची फितुरी रात्रीत धावत येऊन सांगते, हे साहाय्यकाचं काम. दोन खाने, एक बाई. प्रेमाचं काय? भुवनवर तिचं प्रेम आहे, पण ते मिळत नाही. तिचा स्वतःचा तक्ता मांडला तर ती एका गोष्टीत कर्ती आहे आणि तिथं ती हरते. सिनेमाच्या शेवटी ती आयुष्यभर अविवाहित राहिल्याचं निवेदनात येतं, म्हणजे लेखकांनाही तो दुसरा तक्ता ठाऊक होता.

लाखावर सगळ्यात मोठी चूक होते. पोरं लिहितात: खलनायक. वाचलेली पोरं लिहितात: खोटा नायक. दोन्ही चूक. प्रॉपचा खोटा नायक म्हणजे दुसऱ्याच्या पराक्रमाचं श्रेय उकळणारा. राक्षस मारला एकानं आणि डोकं घेऊन दरबारात दुसराच हजर. लाखा कशाचंच श्रेय मागत नाही. गौरी भुवनची होणार या जळफळाटानं तो रसेलला जाऊन मिळतो, संघात शिरतो, पहिल्या दिवशी मुद्दाम झेल सोडतो. त्या रात्री उघडा पडतो. गाव मारायला उठतं, भुवन त्याला संधी देतो, आणि दुसऱ्या दिवशी तो एका हातानं झेप घेऊन झेल पकडतो.

असं पात्र कोणत्याच एका खान्यात बसत नाही, आणि बसवू नये. तक्त्याला वेळ नसतो. तो एका क्षणाचा फोटो आहे. म्हणून एक तक्ता पुरत नाही. आम्ही तीन केले: पैज लागल्यावरचा, सामन्याच्या पहिल्या दिवसाचा, दुसऱ्या दिवसाचा. पहिल्यात आणि दुसऱ्यात लाखा दिसायला साहाय्यक, खरा विरोधक. तिसऱ्यात दिसायला आणि असायला साहाय्यक. दिसणं आणि असणं यांतला फरक पेन्सिलनं बाणाखाली लिहा. प्रेक्षकाला लाखाचं गुपित ठाऊक असतं, भुवनला नसतं, आणि पहिल्या दिवसाच्या खेळातला सगळा ताण त्या फरकातून येतो. एकाच तक्त्यात “लाखा: विरोधक/साहाय्यक” असं तिरक्या रेघेनं लिहिलं की हा ताण कुठून येतो तेच हरवतं. कोणती चिठ्ठी आली की नवा तक्ता आखायचा? एखादं नाव खाना बदलतं तेव्हा. उगाच प्रत्येक प्रसंगाला तक्ता आखत बसू नका.

कचऱ्याचा तक्ता

तिसऱ्या संध्याकाळी मला वाटलं होतं की आता आवरतं घ्यायचं. कचरा नावाचा गावकरी राहिला होता. अस्पृश्य ठरवलेला, एक हात लुळा. त्याच हातातून चेंडू फिरतो हे भुवनला अचानक दिसतं. गाव म्हणतं, हा असेल तर आम्ही खेळत नाही. भुवन गावाशी भांडतो, गाव मानतं, आणि सामन्यात दुसऱ्या दिवशी कचरा हॅट्‌ट्रिक घेतो. चिठ्ठी उचलून पाहिली तर सामनाच कोसळतो, म्हणजे अस्सल साहाय्यक. शिवाय प्रॉपच्या परीकथेसारखी रचना: नायकाची परीक्षा होते, तो पास होतो, आणि त्याला विलक्षण शक्तीचा साहाय्यक मिळतो. परीक्षा घेतं ते गाव. त्या एका चिठ्ठीपुरतं गाव विरोधकाच्या खान्यात जातं, हे लिहून घ्या; ‘गाव’ हे नाव दिसलं की ते ग्राहकाच्या खान्यात टाकून मोकळं होण्याची सवय इथं मोडते.

माझं समाधान झालं होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक पोरगी मात्र फळ्याकडं बघत बसली होती. दर दसऱ्याला घरच्यांबरोबर दीक्षाभूमीला जाणारी. ती म्हणाली, “सर, कचरा साहाय्यक हाये, समजलं. पन त्याले काय पाह्यजे होतं, हे कोनं इचारलं का? त्याची चिठ्ठी दाखवा ना.”

मी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या पाहिल्या, बाजूला ठेवलेल्या सकट. कचरा चेंडू फेकतो. कचऱ्याला गाव नाकारतं. कचऱ्याला भुवन घेतो. कचरा बळी घेतो. कचरा अमुक मागतो, अशी एकही चिठ्ठी आम्ही लिहिलेली नव्हती. चाळणीतून गळली असेल म्हणून सिनेमाचा तो भाग पुन्हा लावून पाहिला. त्याच्या तोंडी बोलणं अगदी मोजकं, आणि मागणं नाहीच.

मी तिला म्हटलं, तूच त्याचा तक्ता मांड. तिनं रसेलचा उलटा तक्ता पाहिला होता, तसाच कर्त्याच्या खान्यात कचरा लिहिला. विरोधक: गाव. साहाय्यक: भुवन. प्रेषक: तिनं थांबून पुन्हा भुवनच लिहिला, कारण ये म्हणून बोलावलं त्यानंच. मग वस्तूच्या खान्यावर आली आणि खडू थांबला. संघात जागा? ती तर भुवनच्या तक्त्यात साधन आहे. माणूस म्हणून वागवलं जाणं? तशी चिठ्ठी नाही. गाव त्याला खेळू देतं, पुढं त्याच्या हातचं पाणी पितं का हे गोष्टीत कुठं ठळक घटना म्हणून येत नाही. लगानमाफी? जमीन कुणाच्या नावावर आहे, ते आधी सांगा, असं ती म्हणाली.

या पद्धतीची मर्यादा इथं स्पष्ट दिसते, आणि ती ओळखता यावी म्हणून खूण सांगतो. ज्या पात्राला कर्त्याच्या खान्यात बसवल्यावर वस्तूचा खाना रिकामा राहतो, त्या पात्राला गोष्टीनं इच्छा दिलेली नाही, फक्त उपयोग दिलेला आहे. रसेलला इच्छा आहे. एलिझाबेथला आहे, हरली तरी. लाखाला आहे, म्हणून तर तो फितूर होतो. सामना फिरवणाऱ्या कचऱ्याला नाही. साहाय्यक हा शब्द हे झाकतो, कारण मदत करणाऱ्याला स्वतःचं काही हवं असेल हे तो शब्द विचारतच नाही. प्रॉपनं साहाय्यकांत जादूचे घोडेही मोजले होते. घोड्याला काय हवं, हा प्रश्न परीकथेत येत नाही. माणसाच्या बाबतीत तो येतो, आणि तक्ता तो आपणहून विचारत नाही, कुणीतरी विचारावा लागतो.

तेव्हा शेवटची पायरी ही ठेवा: साहाय्यकाच्या खान्यातल्या प्रत्येक नावाला एकेकदा कर्त्याच्या खान्यात बसवा. बहुतेक वेळा दोन मिनिटांत होतं. इस्माईल, गुरन, भूरा, देवासिंग यांच्याबाबत आम्ही ते झटपट केलं. त्यांना निदान गावाच्या वाट्याची लगानमाफी हवी आहे, आणि प्रत्येकाला सामील होण्याचं छोटंसं कारण सिनेमात मिळतं. जिथं खाना रिकामा राहील तिथं अंदाजानं भरू नका, रिकामाच सोडा.

कचऱ्याच्या तक्त्यात ग्राहकाच्या खान्यात शेवटी काय लिहायचं यावर आमचा वाद झाला. पोस्टमन काका म्हणाले, कचराच लिव्हा, त्याचं नाव झालं ना. पोरीनं मान हलवली आणि लिहिलं: भुवनचा संघ. मग खडू ठेवला, हात झटकले. तेवढ्यात लाइट गेली, भारनियमनाची वेळ झाली होती, आणि फळा कुणी पुसला नाही.